मंजूर ८,४०,०००, हाती ५,४४,०००: एका दाव्यातल्या कपातीचा हिशेब

पुस्तकबांधणीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये रात्री वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला. सकाळी दार उघडलं तेव्हा जमिनीवर रचलेले कागदाचे गठ्ठे पाणी पिऊन फुगले होते आणि कटिंग मशीनच्या मोटरपर्यंत पाणी पोचलं होतं. वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी त्याच दिवशी विमा कंपनीला कळवलं, फोटो काढले, ओला माल जागचा हलवला नाही. सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी येऊन पाहून गेला. दाव्यात दोनच बाबी होत्या: मशीनची दुरुस्ती ३,६०,००० आणि खराब झालेला कागद ४,८०,०००. एकूण ८,४०,०००. ओळख पटू नये म्हणून आकडे मी गोल केले आहेत आणि चलन लिहिलेलं नाही. आकडेमोड कुठल्याही चलनात हीच राहते.

काही आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. त्यात तीन ओळी होत्या. मंजूर नुकसान ८,४०,०००. पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार कपात २,९६,०००. देय रक्कम ५,४४,०००. सोबत सही करून परत पाठवायचं डिस्चार्ज व्हाउचर होतं आणि त्यावर छापलं होतं की ही रक्कम 'पूर्ण व अंतिम' म्हणून स्वीकारत आहे.

बाई माझ्याकडे आल्या त्या व्हाउचरवर सही करण्याआधी. बरीच वर्षं मी नुकसानीचे सर्व्हे केले आहेत, त्यामुळे असे तीन ओळींचे हिशेब आतून कसे तयार होतात हे मला माहीत आहे. त्यांचा पहिला प्रश्न होता, "एवढे कापले ते बरोबर आहेत का?" मी सांगितलं की आत्ता हे कुणालाच सांगता येणार नाही. २,९६,००० हा एक आकडा नाही, चार-पाच वेगळ्या वजाबाक्यांची बेरीज आहे. त्या सुट्या झाल्याशिवाय यातलं काय योग्य आणि काय चुकीचं हे कळणं अशक्य आहे.

त्यांनी आधी फोन करून पाहिला होता. पलीकडून उत्तर मिळालं, "मॅडम, घसारा आणि अंडर-इन्शुरन्स लागलाय, सिस्टिममध्ये तसंच आहे." हे उत्तर खोटं नव्हतं. पण त्यात घसारा कशावर, किती टक्के, अंडर-इन्शुरन्स, म्हणजे विमा कमी पडल्याची कपात, कुठल्या आकड्यावरून काढली, यातलं काहीच नव्हतं. शिवाय फोनवर सांगितलेलं कारण उद्या बदललं तर कालचं कारण वेगळं होतं हे दाखवायला हातात काही उरत नाही.

म्हणून पत्र लिहिलं. ते लिहिताना बाईंशी माझा थोडा वाद झाला. त्यांना पहिल्याच पत्रात लिहायचं होतं की घसारा लावणं अन्यायाचं आहे, आम्ही इतकी वर्षं हप्ते भरले, मशीन उत्तम चालत होतं. मी ते सगळं काढायला लावलं. पहिल्या पत्रात आपली बाजू मांडली की कंपनीचा अधिकारी आपल्या मुद्द्यांना उत्तर देत बसतो आणि त्याची स्वतःची आकडेमोड कागदावर येतच नाही. त्यातून आपण अंदाजाने एखादं कारण खोडून काढलं तर त्याला दुसरं शोधायला वाव मिळतो. आधी त्याचा हिशेब लेखी घ्यावा, मग त्यावर बोलावं. पत्राचा मुख्य भाग असा होता:

"आपल्या पत्रात २,९६,००० इतकी कपात एकत्रित दाखवली आहे. कृपया प्रत्येक कपात स्वतंत्र ओळीत दाखवून, प्रत्येक ओळीसाठी पुढील चार गोष्टी लेखी कळवाव्यात. एक, पॉलिसीतील कोणत्या क्रमांकाच्या कलमानुसार किंवा एंडॉर्समेंटनुसार ही कपात केली. दोन, ती कोणत्या मूळ रकमेवर केली. तीन, दर किंवा प्रमाण किती आणि ते कशाच्या आधारे ठरवले. चार, कपाती कोणत्या क्रमाने केल्या. सोबत सर्व्हे रिपोर्टची प्रत मिळावी. जी रक्कम आपल्याला मान्य आहे ती माझे पुढील हक्क राखून स्वीकारण्यास मी तयार आहे, मात्र सोबतच्या व्हाउचरवरील 'पूर्ण व अंतिम' हा मजकूर मला मान्य नाही."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. बाईंना दुरुस्तीवाल्याचे पैसे द्यायचे होते आणि ५,४४,००० अडकून पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. 'पूर्ण व अंतिम' वर सही केली की उरलेल्या रकमेवरचा हक्क आपण स्वतः सोडला असं कंपनी म्हणू शकते, आणि ते खोडून काढणं पुढे फार कष्टाचं होतं. ज्या रकमेवर वाद नाही ती हक्क राखून देण्याची मागणी करता येते. काही कंपन्या ती मानतात, काही मानत नाहीत. इथे कंपनीने आधी टाळाटाळ केली, मग व्हाउचरवर 'हक्क राखून' असं हाताने लिहून घेऊन पैसे दिले. तोवर दीड महिना गेला होता.

कारणांच्या मागणीला पहिलं लेखी उत्तर आलं ते असं: "कपात पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार आणि सर्व्हेअरच्या शिफारशीनुसार करण्यात आली आहे." बाई निराश झाल्या. माझा अनुभव असा की पहिलं उत्तर बहुधा असंच येतं. हा तयार मजकूर असतो आणि तो पाठवणाऱ्याने फाइल उघडलेलीही नसते. दुसरं पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे गेलं. त्यात नवीन काही लिहिलं नाही. पहिल्या पत्राची तारीख, आलेलं उत्तर जसंच्या तसं, आणि विचारलेल्या चार गोष्टींपैकी एकीचंही उत्तर त्यात नाही एवढंच. या वेळी तक्ता आला आणि सर्व्हे रिपोर्टही.

तक्ता साधा होता. मशीनच्या सुट्या भागांवर घसारा ९६,०००. कागदावर कमी विम्यामुळे कपात १,२०,०००. भिजलेल्या कागदाची भंगार किंमत ३०,०००. एक्सेस, म्हणजे नुकसानीतला विमाधारकाने स्वतः सोसायचा ठरलेला भाग, मशीनसाठी २५,००० आणि मालासाठी २५,०००. बेरीज बरोबर २,९६,०००. आता पॉलिसी बाजूला ठेवून एकेक ओळ वाचता येत होती.

पहिली ओळ घसाऱ्याची. मशीनच्या बिलात सुटे भाग २,४०,००० चे होते आणि मजुरी, चाचणी वगैरे १,२०,०००. सर्व्हेअरने मशीन सहा वर्षं जुनं धरून सगळ्या भागांवर ४० टक्के घसारा लावला होता. मजुरीवर घसारा लावला नव्हता, ते बरोबर होतं, कारण मजुरी जुनी होत नाही. कलमाच्या रकान्यात लिहिलं होतं 'बाजारमूल्य तत्त्व'. इथेच गाडी अडली. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये मालासमोर 'बाजारमूल्य' होतं, पण यंत्रसामग्रीसमोर 'रीइन्स्टेटमेंट' होतं, म्हणजे जुन्याच्या जागी नवं. रीइन्स्टेटमेंटमध्ये नव्या भागाची पूर्ण किंमत मिळते, मग मशीनचं वय कितीही असो. सर्व्हेअरने एकाच पॉलिसीतल्या दोन बाबींना एकच तत्त्व लावलं होतं. तीन ओळींच्या पत्रात ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. कलमाचं नाव लिहावं लागलं तेव्हा ती उघडी पडली.

पण हा मुद्दा उचलण्याआधी मी बाईंना एक गोष्ट तपासायला लावली, कारण तो उलटू शकतो. रीइन्स्टेटमेंटवर दावा मागितला की विमा पुरेसा होता का हेही नव्या किमतीवरून पाहिलं जातं. समजा सगळ्या मशीनचा विमा २०,००,००० चा आहे, पण आज तीच मशीन नवी घ्यायला ३०,००,००० लागतात, तर घसारा वाचतो पण कमी विम्यामुळे दावा दोन-तृतीयांशावर येतो. मग आधीचाच हिशेब बरा होता असं म्हणायची वेळ येऊ शकते. बाईंनी विक्रेत्याकडून लेखी कोटेशन मागवलं. सगळी मशीन नवी घ्यायची तर १८,००,००० लागले असते. विमा २०,००,००० चा होता, म्हणजे या बाजूने धोका नव्हता. दुसरी अट असते ती दुरुस्ती प्रत्यक्ष झालेली असण्याची. नुसतं कोटेशन देऊन जुन्याच्या जागी नव्याचे पैसे मिळत नाहीत. त्यांच्याकडे दुरुस्तीचं बिल आणि ते भरल्याची पावती, दोन्ही होतं.

यातही सगळे ९६,००० परत मागणं मला पटलं नाही. बिलातले ४०,००० चे भाग ब्लेड आणि पट्टे होते. हे भाग वापरताना झिजतात आणि ठराविक काळाने बदलावेच लागतात. पॉलिसीत अशा मर्यादित आयुष्याच्या भागांवर घसारा लागेल असं कलम स्पष्ट होतं. म्हणजे ४०,००० वर ४० टक्के, १६,०००, ही कपात योग्य होती. बाईंनी पत्रात ती स्वतःहून मान्य केली आणि उरलेले ८०,००० मागितले. जे योग्य आहे ते मान्य केलं की पत्र वाचणाऱ्याला उरलेलं बाजूला सारणं जड जातं, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

सर्वांत मोठी कपात होती कमी विम्याची, आणि ती समजून घ्यायला बाईंना सर्वांत जास्त वेळ लागला. त्यांचं म्हणणं साधं होतं: मालाचा विमा ६,००,००० चा, नुकसान ४,८०,००० चं, मग नुकसान विम्याच्या आतच आहे, कापायचं कशाला? बहुतेक लोकांना हेच वाटतं आणि वाटणं साहजिक आहे. पण ॲव्हरेज क्लॉज, म्हणजे कमी विम्याचं कलम, नुकसानीची तुलना विमा रकमेशी करत नाही. तो विचारतो की घटनेच्या दिवशी जागेवर एकूण माल कितीचा होता. माल ८,००,००० चा असेल आणि विमा ६,००,००० चाच घेतला असेल तर हप्ता तीन-चतुर्थांश मालाचा भरला गेला, म्हणून प्रत्येक नुकसानीत कंपनीचा वाटा तीन-चतुर्थांश. सर्व्हेअरने नेमकं हेच केलं होतं. ४,८०,००० चे ७५ टक्के, ३,६०,०००. कापले १,२०,०००.

तत्त्व बरोबर होतं. प्रश्न त्या ८,००,००० चा होता, आणि म्हणूनच पत्रात 'प्रमाण कशाच्या आधारे ठरवले' हे विचारलं होतं. सर्व्हे रिपोर्टमध्ये उत्तर एका ओळीत होतं: जागेवरचा सर्व कागद मोजून. बाईंनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "पण त्यातला सगळा माझा नव्हताच!" बांधणीचं काम असंच चालतं. प्रकाशक आणि छापखाने आपले छापील फर्मे आणून टाकतात, बाइंडर ते बांधून देतो. तो माल त्यांच्या वरच्या रॅकवर होता आणि भिजलाही नव्हता. पॉलिसीत 'विमाधारकाच्या मालकीचा माल' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्याचा माल, जो ताब्यात असतो पण मालकीचा नसतो, त्यात नव्हता. तो भिजला असता तर कंपनीने एक पैसाही दिला नसता. मग ज्या मालाचं नुकसान विम्यात धरलं जाणार नाही, तो माल विमा कमी पडला हे दाखवण्यासाठी मोजायचा कसा? हा आमचा सर्वांत मजबूत मुद्दा होता.

बाईंच्या वहीप्रमाणे गिऱ्हाइकांचा माल १,६०,००० चा होता. तो वजा केला तर त्यांचा स्वतःचा माल ६,४०,००० चा ठरत होता आणि प्रमाण जवळजवळ ९४ टक्क्यांवर जात होतं. वही मात्र त्यांच्याच हाताची. कंपनीने पुरावा मागितला, आणि तो मागणं रास्त होतं. शोधाशोध केल्यावर गिऱ्हाइकांच्या सहीची आवक चलनं सापडली ती ८०,००० च्या मालाची. उरलेला माल ओळखीच्या छापखान्यांतून नुसत्या निरोपावर आलेला होता. सर्व्हेअरने चलनं असलेला तेवढाच माल वगळला. माल ७,२०,००० चा ठरला, विमा ६,००,००० चा, प्रमाण पाच-षष्ठांश.

भंगाराची ओळ रकमेने लहान होती, पण कपातीचा क्रम का विचारावा हे तिथे दिसतं. भिजलेला कागद रद्दीत विकून ३०,००० आले होते आणि ते बाईंकडेच राहिले होते, त्यामुळे दाव्यातून वजा होणं योग्यच. कंपनीने आधी प्रमाण लावलं आणि मग पूर्ण ३०,००० वजा केले: ४,८०,००० चे ७५ टक्के ३,६०,०००, त्यातून ३०,००० गेले, उरले ३,३०,०००. क्रम उलटा केला तर? ४,८०,००० मधून ३०,००० वजा, खरं नुकसान ४,५०,०००, त्याचे ७५ टक्के ३,३७,५००. आकडे तेच, अटी त्याच, फरक ७,५०० चा. दुसरा क्रम योग्य, कारण रद्दीचे पैसे हातात आल्यावर नुकसान मुळातच ४,५०,००० चं उरतं आणि प्रमाण नुकसानीला लावायचं असतं. नुकसानीतला एक-चतुर्थांश भार विमाधारकाने उचलायचा, आणि भंगाराचा फायदा मात्र सगळा कंपनीने घ्यायचा, हे जुळत नाही.

एक्सेसच्या बाबतीत बाईंनाही हाच क्रमाचा मुद्दा मांडायचा होता. एक्सेस प्रमाणाच्या आधी वजा केला तर त्यांना थोडे जास्त मिळत होते. पण त्यांच्या पॉलिसीत शब्द होते 'इतर सर्व समायोजनांनंतर'. म्हणजे एक्सेस शेवटीच. तो मुद्दा आम्ही सोडला. मात्र दोनदा २५,००० कापणं चुकीचं होतं. कलमात 'प्रत्येक घटनेसाठी' होतं, 'प्रत्येक बाबीसाठी' नव्हतं, आणि पाइप एकदाच फुटला होता.

तिसरं पत्र तक्त्याच्या क्रमानेच लिहिलं. प्रत्येक ओळीसमोर कंपनीने दिलेलं कारण, पॉलिसीतले नेमके शब्द, आणि आमचा आकडा. दीड पान झालं. सोबत शेड्यूलची प्रत, मशीनचं कोटेशन, दुरुस्तीची पावती, ब्लेड-पट्ट्यांची बिलातली फोड आणि चलनं. या पत्रात पहिल्यांदाच आमची बाजू होती, आणि तोवर कंपनीचा हिशेब तिच्याच सही-शिक्क्याने कागदावर आलेला होता. आता घसाऱ्यासाठी 'मशीनची देखभाल नीट नव्हती' असं एखादं नवं कारण पुढे करायचं तर आधी ते का दिलं नाही हेही सांगावं लागलं असतं. तसं कारण आलंही नाही.

तीन आठवड्यांनी सुधारित तक्ता आला. मशीन: ३,६०,००० मधून १६,००० घसारा, ३,४४,०००. कागद: ४,८०,००० मधून भंगार ३०,०००, उरलेल्या ४,५०,००० चे पाच-षष्ठांश, ३,७५,०००. बेरीज ७,१९,०००. एक्सेस एकदाच, २५,०००. देय ६,९४,०००. आधी दिलेले ५,४४,००० वजा जाता आणखी १,५०,०००. त्यातले ८०,००० घसाऱ्याचे, ४५,००० कागदाचे आणि २५,००० दुसऱ्या एक्सेसचे.

उरलेल्या १,४६,००० ची कपात कायम राहिली. त्यातले घसारा, भंगार आणि एक्सेस मिळून ७१,००० वाद घालण्यासारखे नव्हतेच. ७५,००० कमी विम्याचे होते, आणि त्यातला काही भाग चलन नसलेल्या मालामुळे. पुढे कंपनीबाहेरच्या तक्रार यंत्रणेकडे जायचं का, असं बाईंनी विचारलं. जाता आलं असतं, पण त्यांच्याकडे दाखवायला वहीच होती आणि दोन छापखान्यांनी मागच्या तारखेची चलनं करून देण्याची तयारी दाखवली होती. ती घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. एक बनावट कागद सापडला तर मंजूर झालेला सगळा दावा धोक्यात येतो, आणि तसंही ते योग्य नव्हे. त्यांनी ती घेतली नाहीत आणि सुधारित रकमेवर 'पूर्ण व अंतिम' सही केली.

नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी मालाचा विमा ८,००,००० केला आणि शेड्यूलमध्ये 'विमाधारकाच्या ताब्यातील इतरांचा माल' ही स्वतंत्र ओळ घालून घेतली. आता आत येणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याचं चलन सहीनिशी फाइलला लागतं, मग तो ओळखीच्या छापखान्यातून आलेला असला तरी.